आज माझा वार आहे

माझ्या धाकट्या जावेनं आमच्या घरात पहिल्या मोठ्या जेवणाला बसताना जे बोलून दाखवलं, त्यावर मी आजही जळते. गुडघे गेले, दोघींच्या डोक्यावर पांढरं आलं, तरी ते आठवलं की पोटात तशीच आग पडते. कुणी म्हणेल, जावा-जावांचा मत्सर काय, तो घरोघरी असतो. असेल. पण तिनं माझा दागिना घेतला नव्हता की माझ्या नवऱ्याच्या वाट्याचं शेत घेतलं नव्हतं. मला जे तीन वर्षांत बोलता आलं नाही ते ही बया पाटावर बसता बसता बोलून मोकळी झाली. याचा राग दागिन्याच्या रागापेक्षा वाईट असतो, कारण तो कुणाजवळ काढता येत नाही.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. कार्यालयं मिळेल त्या भाड्याच्या इमारतीत भरत होती. पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगाखालून दिसायचं. मी टंकलेखक होते. खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, म्हणून मी आणि पुढं माझा नवरा झाला तो, आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो, तो आकडेवारीची कामं करायचा आणि मी ती टंकायचे. त्यातूनच ते जमलं. मी उदगीरच्या वाण्याची मुलगी. आमच्याकडं लिंगायतांना वाणीच म्हणतात. वडिलांचं दुकान, गळ्यात इष्टलिंग, आणि स्वयंपाकघर असं की अंड्याचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावायची. तो मराठ्याचा, अहमदपूरच्या पुढच्या एका गावचा. आम्ही नोंदणी करून लग्न केलं आणि उदगीरचं दार मला बंद झालं. आईनं एकदाच निरोप पाठवला, धाकट्या बहिणीचं जमेपर्यंत येऊ नकोस. धाकटीचं जमलं, लग्न झालं, तरी पुढचा निरोप काही आला नाही.

म्हणजे मला घर एकच उरलं होतं, सासरचं. आणि त्या घरानं मला आपली म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. हे नीट लक्षात घ्या, म्हणजे पुढं मी अशी वेड्यासारखी का वागले ते कळेल.

पहिल्यांदा गावी निघालो तेव्हा एस्टीत खिडकीशी बसून नवरा हळूच म्हणाला, "घरी मी सांगितलंय, तू सगळं खातेस म्हणून."

"काय सगळं?"

"अगं, बाबा म्हणत होते, वाण्याची पोरगी आपल्यात कशी निभंल. म्हणून म्हणालो, तिचं काही नसतं, ती आपल्यासारखीच आहे. तू एखादा घास खा, बाकी मी बघतो."

एखादा घास. जसा काही औषधाचा चमचा. मी त्याच्याकडं बघितलं, तर हा खिडकीबाहेर बघून राहिला होता. तिथंच मी चिडून बोलायला हवं होतं, पण नवी नवरी होते आणि एस्टीत ओळखीचं कुणी असेल म्हणून गप्प बसले.

तो दिवस बुधवार होता. आमच्या भागात मटण-कोंबडी बुधवारी नाहीतर रविवारी. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. प्रत्येक घरात कुणाचा ना कुणाचा वार असतोच, तेव्हा राहिले दोन दिवस. सासूबाईंनी मुद्दाम बुधवारीच बोलावलं होतं आणि घरचा कोंबडा कापला होता. चूल बाहेर अंगणात मांडलेली. आतल्या चुलीवर भाकरी आणि वरण. आम्ही पोचलो तेव्हा अंगणभर वास होता आणि सासूबाई पदरानं तोंड पुसत हसत पुढं आल्या. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्या ठेंगण्या, काळ्या, कामाला वाघ. त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, "ये. लई लांबून आली."

पंगत बसली. ताट पुढं आलं. ज्वारीची गरम भाकर, वरणाची वाटी, हिरवा ठेचा, कांदा, आणि मधोमध रस्सा, त्यात तंगडी. नव्या सुनेला तंगडी. तो मान होता, आणि तो मान माझ्याकडं बघत होता. सासरे बघत होते, दारातून शेजारणी बघत होत्या, नवरा तेवढा आपल्या ताटात बघत होता.

नाही म्हणावं तर नवरा खोटा पडतो. खावं तर माझ्याच्यानं होत नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आणि तेव्हा मला ते सुचलं, जे आमच्या सबंध मुलखात कुणालाही सुचतं.

"आत्या," मी म्हणाले, "आज माझा वार आहे."

आमच्याकडं वाराला कुणी प्रश्न विचारत नाही. "खात नाही" म्हटलं की का, कधीपासून, थोडा रस्सा तरी, फोडी काढून देते, असं सुरू होतं. वार म्हटलं की विषय संपला, देवाच्या मध्ये कोण पडणार? पण बुधवार ऐकून सासरे थबकले. "बुधवार? बुधवार कुणाचा असतोय गं?"

मला काय माहीत कुणाचा असतो. मी उदगीरची, मला सोमवार ठाऊक. 

"पांडुरंगाचा असतोय की," आत्याच म्हणाल्या. "असू द्या. आधी म्हणली असतीस तर उपासाचं केलं असतं." आणि त्यांनी माझ्यापुढचं ताट उचललं. अख्खं ताट. तंगडी गेली, तशी भाकरही गेली, वरण गेलं, ठेचा गेला. उपास म्हटल्यावर ते कसं चालणार? शेंगदाणे, गूळ आणि एक केळं आलं. मला एवढं हायसं वाटलं की शेंगदाणे मी पुरणपोळीसारखे खाल्ले. आत्या म्हणाल्या, "पुढच्या बारीला रविवारी या. तवा करते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

रविवारी गेलो. मी म्हणाले, रविवारही धरलाय, सूर्याचा. मग त्यांनी घरचा वार बाजूला ठेवून एकदा शुक्रवारी केलं, तो मी देवीचा धरला. सोमवार तर माझा माहेरचाच होता. बघता बघता माझ्या नावावर आठवड्यातले एवढे वार चढले की मारुती आणि दत्त तेवढे माझ्यावाचून राहिले असतील. सकाळच्या एस्टीनं जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत निघायचं, त्यामुळं उपास सोडायची वेळ त्या घरात कधी आलीच नाही. भगर, शाबू, रताळं, शेंगांची आमटी. आत्या निमूटपणं करून द्यायच्या. सणाला गेलो तर पुरण खायचे, पण ते पाहुणीसारखं, पाटाला रांगोळी काढून. नवऱ्याला मी दर वेळी म्हणायचे, सांगा ना आता आईला. तो म्हणायचा, तूच सांग, तुझं तोंड काय शिवलंय? आणि हाडूक चोखायला बसायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

आणि तेवढ्यात दुष्काळ पडला. दोन पावसाळे कोरडे गेले. गावाला टँकर यायला लागला, रोजगार हमीवर माणसं नाल्यांचे बांध घालायला लागली, आणि त्याच वर्षी मला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझं माहेर बंद. लातुरात आमची एक खोली, नळाला पाणी आलं तर आलं, आणि जवळ कुणी बाईमाणूस नाही. म्हणजे बाळंतपण आत्यांनीच करायला हवं होतं. त्या कधी म्हणतात, "ये इकडं, मी करते," याची मी वाट बघायला लागले. विचारायची लाज वाटायची. विचारावं लागलं तर ते मिळवल्यासारखं होतं, मायेनं दिल्यासारखं नाही. नवऱ्यानं एकदा विषय काढला तर आत्या म्हणाल्या, "बघू." दुसऱ्यांदा काढला तरी म्हणाल्या, "बघू की, टाईम हाय अजून." आणि चुलीत लाकूड सारायला लागल्या. त्या "बघू"नं माझी झोप उडाली. गावातल्या कुणाच्याही लेकीचं बाळंतपण करायला ही बाई धावत जाते, आणि माझ्या वेळेला बघू!

एकच गोष्ट त्या ठासून म्हणाल्या. "पोटुशीनं वार धरायचे न्हाईत. देव काय बोलत न्हाई. सोडून दे समदे. आता येशील तवा अळणी पाजते तुला, अंगात जोर न्हाई तुझ्या." अळणी म्हणजे मसाला घालायच्या आधी नुसत्या हळद-मिठात शिजलेल्या मटणाचं पाणी. आमच्या भागात अशक्त माणसाला तेच देतात. सोडले, असं मी म्हणाले आणि माझा शेवटचा आडोसाही गेला.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या दिराचं लग्न ठरलं. मुलगी कंधारकडची, त्यांच्यातलीच, रीतसर बघून केलेली. दुष्काळ म्हणून लग्न थोडक्यात उरकलं. पूजा झाली, गोंधळ झाला, आणि मग रविवारी घरच्यांपुरतं जेवण ठरलं. अख्खं बकरं कापायची ऐपत त्या वर्षी कुणाचीच नव्हती. गावात चार घरांनी मिळून एक कापलं आणि आमचा वाटा घरी आला. मांडवातूनच लातूरला परतलेलो आम्ही रविवारी गावी पोचलो तेव्हा बाहेरची चूल पेटलेली होती.

नवी नवरी स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसलेली. बारीक, सावळी, नाकात मोरणी. सोबत तिचा भाऊ आला होता. मी तिच्याकडं बघितलं आणि मनात म्हणाले, बस बाई, तुझ्याही ताटात आता मान पडणार. खरं सांगते, मला बरं वाटलं. आपण एकटेच या विहिरीत नाही, असं वाटून बरं वाटलं.

आत्या मटणाची परात घेऊन आत आल्या. ती नवी नवरी, मेंदीसुद्धा उतरलेली नाही, मान वर करून म्हणाली, "आत्या, एक सांगू का? मी मटण खात नाही. अंडं पण नाही. आमच्याकडं सगळ्यांना माळ आहे. रस्सासुद्धा नको, फोडी बाजूला काढून दिला तरी नको. बाकी मला काहीही चालतं. भाकर, ठेचा, पिठलं, शिळंपाकं असलं तरी चालतं. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून खा, मला त्याचं काही होत नाही. फक्त तेवढी पळी वेगळी ठेवा."

संपलं. आवाज चढला नाही, पडला नाही. जशी काही "मला जरा सावलीत बसू द्या" म्हणाली.

मी परातीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बघ. आता सुरू होईल. नव्या सुनेनं पहिल्याच आठवड्यात सासूला पळ्या वेगळ्या ठेवायला सांगायच्या?

"माळ हाय व्हय," आत्या म्हणाल्या. "मग पिठलं टाकू? कांदा-लसूण चालतंय का?"

"चालतं. एकादशीला तेवढं नाही."

"आन भांडी? घासशील का ती बी न्हाई?"

"घासते की. शिजवायला मात्र मला नाही जमणार, मीठ चाखता यायचं नाही."

"मी तरी कुठं चाखून बगती," आत्या म्हणाल्या. "तुजा सासराच बगतोय. पळीनं बगता बगता निम्मं पातेलं खातोय." आणि दोघी हसल्या. सासू-सुना, ओळख होऊन आठवडासुद्धा झालेला नाही, हसल्या.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अरे, इतकं सोपं होतं? मी तीन वर्षं भगर गिळली, सूर्याला, देवीला, पांडुरंगाला सगळ्यांना वेठीला धरलं, आणि हिला एक कपाळाची आठीसुद्धा सोसावी लागली नाही? बरं, मी लगेच मनात कारणंही काढली. हिचं काय, ही जातीतली. हिच्या गळ्यात तुळशीची माळ, तिला मान. हिचा नवरा काही आधी खोटं बोलून बसला नव्हता. पण कारणं काढून आग विझत नाही. माझ्याही गळ्यात इष्टलिंग होतं की, तेच पोलक्याच्या आत लपवून मी या घरात वावरत होते.

आणि धाकटीच्या माहेरचं सगळं घरच तसलं. बाहेर कडब्याच्या गंजीमागं सासऱ्यांनी तिच्या भावाला नेलं, तिथं बाटली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी दारातच उभी होते, त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. पोरगा म्हणाला, "मामा, मी घेत न्हाई. तुमी घ्या निवांत, मी बसतो तुमच्यासंगं. मला शेंगा द्या थोड्या." सासरे म्हणाले, "एक घोट, लग्नाचा." तो म्हणाला, "घोट न्हाई मामा. पण उठून बी जात न्हाई." आणि खरंच बसला तिथं शेंगा फोडत, पावसाच्या नि बैलांच्या गप्पा मारत. सासरे परत आले ते म्हणत, "पोरगं लई सरळ हाय." माझा नवरा त्याच गंजीमागं मित्रांना "डॉक्टरनं मनाई केलीय" सांगून सुटायचा, आणि मित्र दर वेळी विचारायचे, कोणता डॉक्टर. नवरा-बायको आम्ही एकाच माळेचे मणी.

आता तुम्ही म्हणाल, तिनं वाट करून दिली होती, मग तिच्या मागोमाग तूही बोलायचं. तेच तर! तिनं वाट करून दिली नव्हती, अडवली होती. आता मी तोंड उघडलं असतं तर सगळे म्हणाले असते, धाकटीचं बघून थोरलीलाही सुचलं. तीन वर्षं वार वार करत होती, आणि धाकटीला मान मिळाला तसं हिच्याही पोटात दुखायला लागलं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. पण दुसरी कुणी बोरं विकून गेल्यावर आपण त्याच जागी टोपली मांडली तर लोक हसतात. मी तिचं पिठलं शिजताना बघत राहिले. आत्या तिला विचारत होत्या, "मऊ भाकर लागती का कडक?" ती म्हणाली, "मऊ. लहानपणापासून दूध-भाकरीची सवय आहे." आत्यांनी ते मनात ठेवलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

माझ्या पुढं अळणीची वाटी आली. पिवळसर पाणी, वर तेलाचे थेंब, वाफ. बाहेर पुरुषांची पंगत बसली होती, आत आम्ही तिघीच.

"घे," आत्या म्हणाल्या. "आज कुठलाच वार न्हाई तुजा. सोडलेत म्हणालीस न्हवं?"

मी वाटी उचलली. खोटं सांगत नाही, ओठापर्यंत नेली. मला बाळंतपण हवं होतं, मला ते घर हवं होतं, आणि समोर ती बसली होती पिठल्याचा घास मोडत. वास नाकात गेला आणि पोटातून सगळं वर आलं. मी वाटी खाली आदळली, थोडं सांडलंही.

"मला नको," मी म्हणाले. आवाज माझा नव्हताच, भांडणाचा होता. "वार नाही माझा. कधीच नव्हता. बुधवार नव्हता, रविवार नव्हता. मी मटण खात नाही. कधी खाल्लं नाही आणि खाणारही नाही."

धाकटी चट्‌दिशी म्हणाली, "अगं बाई! मग सांगायचं ना ताई!"

तिच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला.

"तू गप," आत्या तिला म्हणाल्या. त्या सगळ्या बोलण्यात मला बरं वाटलेली तेवढीच एक गोष्ट. मग त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता खोटेपणावरून ऐकवतील, नवऱ्याला हाक मारतील. त्यांनी फडकं घेतलं आणि सांडलेलं पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या.

"वाण्याची लेक मटण खात न्हाई, एवढं मला कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "तो म्हणला खाती, म्हणून मी केलं. तू वार म्हणलीस, मी म्हणलं, असंल. मग रविवार म्हणलीस. तवा मला कळलं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"काय बोलू? मला वाटलं, तुला मटण नको असं न्हाई. तुला आमच्या हातचंच नको." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "मटण नको म्हणणारी भाकर तर खाती. तू भाकर बी न्हाई खाल्लीस. पहिल्या दिवशी मी तुज्या पुढनं ताट उचललं, त्यात ताजी भाकर व्हती. तू शेंगदाण्यावर अशी तुटून पडलीस, म्हणलं, सुटली बिचारी. तीन वरीस झाली. माज्या चुलीवरची एक भाकर तुज्या पोटात न्हाई. सणाचं पुरण काय, ते कुणीबी कुणाच्याबी घरी खातंय."

मला एक तुकडा टाळायचा होता. त्यासाठी मी जो शब्द वापरला त्यानं अख्खं ताट टाळलं गेलं. उपास म्हटला की त्यात सासूची भाकर येते, वरण येतं, ठेचा येतो, तिचा हात येतो. धाकटीनं एक गोष्ट नको म्हटली आणि बाकी सगळं मागून घेतलं. मी एकही गोष्ट नको म्हटली नव्हती आणि सगळ्यालाच नको म्हणून बसले होते. हे मला तिथं, त्या चुलीपुढं, धाकटीच्या देखत कळावं, याचा मला काय संताप आला म्हणून सांगू. रडू आलं ते संतापानं आलं.

"बाळंतपणाचं तो दोनदा बोलला," आत्या म्हणाल्या. "मी काय म्हणू त्याला? जी माज्या हातचं खात न्हाई, तिला बाळंतिणीच्या खाटेवर मी काय घालू? सव्वा महिना शाबू? बाळाला दूध कशाचं येणार? वाटलं, उदगीरहून बोलावणं येईल, तिकडंच जाऊ दे. तिथलं तरी खाईल."

"उदगीरहून बोलावणं येणार नाही," मी म्हणाले.

"मला काय माहीत? तू कदी सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. तेही नव्हतं सांगितलं. माहेर तुटलं हे सासरी कळलं तर किंमत जाईल, असं मला वाटायचं.

आत्या उठल्या. ती वाटी त्यांनी उचलून बाहेर नेऊन दिली, बहुतेक सासऱ्यांना. परत आल्या, हात राखेनं घासून धुतले, चांगले दोनदा, टँकरच्या पाण्याचे दिवस असताना. मग पिठाचा डबा ओढून परातीत पीठ घेतलं आणि थांबल्या.

"ज्वारीची चालती का तुला?"

तीन वर्षांची सून मी त्या घरची, आणि आत्या मला असं विचारत होत्या. शेजारी पाच दिवसांची सून मऊ भाकर खात बसली होती, तिचं सगळं विचारून झालेलं. त्या क्षणी मला तिचा जेवढा मत्सर वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही, आणि वाटणारही नाही.

"चालते," मी म्हणाले. "आवडते."

"मऊ का कडक?"

"कडक."

त्यांनी मान हलवली. भाकर थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्यावर उभी करून चांगली खरपूस केली. माझ्या ताटात टाकली, शेजारी पिठलं वाढलं, वेगळ्या पळीनं. मी तुकडा मोडला. हाताला चटका बसला तरी मोडला. आत्या दुसरी भाकर थापायला वाकल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सातव्यातच ये इकडं. नवव्यात एस्टीचे दणके खात येऊ नको."

मी मान हलवली. तोंडात घास होता.